‘फोन गेला’ : उपकरण-संरक्षण योजनांतील काही संज्ञांचा विचार

१. विषयाची मर्यादा

मोबाइल, शीतकपाट, धुलाईयंत्र किंवा दूरदर्शन संच विकत घेताना दुकानदार हल्ली किमतीबरोबरच एक संरक्षण-योजना पुढे करतो. वर्षाला अमुक रुपये भरावेत आणि वस्तूस काही झाल्यास दुरुस्तीचा भार योजनेने उचलावा, असे तिचे सामान्य स्वरूप असते. ह्या योजनांचा आर्थिक अंगाने विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी करावा हे योग्यच होय. परंतु ज्या पत्रकावर ही योजना उभी असते ते पत्रक म्हणजे मुख्यतः व्याख्यांचा एक संग्रह असतो, आणि ग्राहकाचा दावा मान्य होणे वा न होणे हे पुष्कळदा एखाद्या शब्दाच्या व्याप्तीवर ठरते. म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही ह्या पत्रकांकडे लक्ष देणे अस्थानी ठरू नये.

मराठी भाषक ‘माझा फोन गेला’ असे म्हणतो तेव्हा तो चोरीस गेला, कोठे तरी हरवला की बिघडून निकामी झाला, हे त्या वाक्यावरून कळत नाही. प्रसंगानुसार तिन्ही अर्थ संभवतात. ज्या पत्रकाखाली त्याने सही केलेली असते त्यात मात्र ह्या तीन गोष्टी तीन वेगळ्या कलमांत असतात, आणि बहुधा त्यांतील एखाद्याच कलमाखाली पैसे मिळतात. व्यवहारातील भाषा आणि करारातील भाषा ह्यांमधील हे अंतर दाव्यांची संख्या, एक्सेस, वगळलेल्या गोष्टी आणि प्रतीक्षाकाल ह्या चार ठिकाणी कसे प्रकट होते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२. दोष आणि अपघात

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘वॉरंटी’ आणि ‘प्रोटेक्शन प्लॅन’ हे शब्द दुकानात एकमेकांऐवजी वापरले जातात. तथापि त्यांचे विषय भिन्न आहेत. वॉरंटी ही वस्तूतील दोषाबद्दलची हमी होय. यंत्र नीट वापरले असतानाही त्यातील एखादा भाग बनावटीतील वा साहित्यातील उणिवेमुळे बिघडला, तर निर्माता तो दुरुस्त करून देतो. वाढीव वॉरंटी म्हणजे ह्याच हमीची मुदत वाढविणे. ती निर्मात्याची मूळ मुदत संपल्यानंतर सुरू होते. म्हणून ‘तीन वर्षांची’ म्हणून घेतलेल्या हमीतील पहिले वर्ष बहुधा निर्मात्याचेच असते आणि ग्राहकाने पैसे मोजलेले असतात ते पुढील दोन वर्षांचे. शीतकपाटाच्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी असते असे आपण वाचतो. पण ती पुष्कळदा केवळ त्या भागापुरती असते आणि वायू भरण्याचा, मजुरीचा व ने-आण करण्याचा खर्च तीतून वगळलेला असतो.

अपघात-संरक्षणाचा विषय दोष नसून बाहेरून आलेला आघात हा असतो. फोन हातातून पडला, त्यावर पाणी सांडले, संचावर काही आपटले, अशा प्रसंगी निर्मात्याची हमी लागू पडत नाही, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी ही दुसरी योजना असते. ती कधी विमा असते, तर कधी विक्रेत्याने केलेला सेवा-करार असतो व त्याच्या पाठीशी विमा कंपनीचे सामूहिक विमापत्र असते. ग्राहकास दिसणारे माहितीपत्रक एक आणि बंधनकारक असणारा मजकूर दुसराच, असा प्रकार येथे संभवतो. दावा करण्यापूर्वी आपल्याजवळचा कागद ह्यांपैकी कोणता हे पाहणे अगत्याचे आहे. पहिल्या प्रकारात विमा लोकपालाकडे दाद मागता येते. केवळ सेवा-करार असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग धरावा लागतो.

३. ‘घटना’ ह्या शब्दाची गणती

‘योजनेच्या मुदतीत दोन दावे’ हे वाक्य वरवर पाहता अगदी स्पष्ट वाटते. परंतु मोजावयाचे काय, हे त्यात सांगितलेले नसते. फोन जिन्यावरून पडला; पडदा फुटला म्हणून तो बदलून घेतला; पंधरा दिवसांनी त्याच आघाताने कॅमेऱ्याची जोडणीही ढिली झाल्याचे ध्यानात आले. येथे आघात एक, दुरुस्त्या दोन आणि अर्जही दोन. पत्रकात ‘दावा’ ह्याचा अर्थ ‘घटना’ असा दिला असेल तर ग्राहकाचा एकच दावा खर्ची पडतो. ‘दुरुस्तीची प्रत्येक मागणी’ असा दिला असेल तर दोन्ही दावे संपतात आणि एक्सेसही दोनदा भरावा लागतो.

हा वाद क्षुल्लक नव्हे. न्यूयॉर्क येथील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांवर ११ सप्टेंबर २००१ रोजी दोन विमाने आदळली. त्या वास्तूंचे विमा-संरक्षण प्रत्येक घटनेस सुमारे साडेतीन अब्ज डॉलर असे होते. त्यामुळे ही घटना एक की दोन, हा प्रश्न उपस्थित झाला. ज्या विमाकर्त्यांच्या मसुद्यात ‘घटना’ ह्या शब्दाची, एका कारणाने वा समान कारणांच्या मालिकेने झालेली सर्व हानी अशी व्याख्या होती, त्यांच्या बाबतीत घटना एक ठरली. ज्यांच्या मसुद्यात अशी व्याख्या नव्हती, त्यांच्यापैकी नऊ विमाकर्त्यांच्या बाबतीत २००४ मध्ये ज्यूरीने घटना दोन असल्याचा निर्णय दिला. वस्तुस्थिती एकच असून केवळ व्याख्येच्या असण्यानसण्याने गणती बदलली, ही गोष्ट अर्थविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘घटना’ हे मोजता येणारे नाम असले तरी तिच्या कडा निसर्गाने आखून दिलेल्या नसतात. त्या बोलणाराने आखावयाच्या असतात.

दाव्यांच्या संख्येवरील मर्यादा हे विमाकर्त्याच्या हातातील एकमेव साधन नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ॲपल कंपनीच्या अमेरिकेतील ‘ॲपलकेअर प्लस’ योजनेत पूर्वी संपूर्ण मुदतीत अपघाताच्या दोन घटना मान्य होत. २०२० मध्ये दर बारा महिन्यांस दोन अशी सुधारणा झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपघाती हानीवरील संख्येची मर्यादा उठविण्यात आली. तथापि त्या वेळीही आयफोनच्या पडद्यासाठी २९ डॉलर आणि अन्य अपघाती हानीसाठी ९९ डॉलर हे दर प्रसंगी भरावयाचे शुल्क कायम राहिले. आणि चोरी वा हरवणे ह्यांसाठी बारा महिन्यांत दोन ही मर्यादाही तशीच राहिली. म्हणजे ‘अमर्याद दावे’ असे म्हटले तरी प्रत्येक दाव्यापाशी एक दार उभे असते, आणि त्या दाराचे नाव एक्सेस.

४. एक्सेस आणि वजाबाकीचा क्रम

एक्सेस म्हणजे प्रत्येक दाव्याच्या वेळी ग्राहकाने स्वतः सोसावयाचा वाटा. विमा कंपन्यांच्या व्यवहारात ह्यासच ‘डिडक्टिबल’ असेही म्हणतात. बारीकसारीक दाव्यांची छाननी करण्याचा खर्च दाव्याच्या रकमेहून जड होऊ नये आणि ग्राहकाने वस्तू जपून वापरावी, असा त्याचा दुहेरी हेतू असतो. तो कधी ठरावीक रकमेचा असतो, कधी शेकडेवारीने असतो आणि कधी ‘दोहोंपैकी जी रक्कम अधिक ती’ अशा शब्दांत सांगितलेला असतो. ह्या शेवटच्या पद्धतीचा परिणाम प्रत्यक्ष हिशोब केल्यावाचून ध्यानात येत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. पुढील योजना स्पष्टीकरणासाठी रचलेली आहे; तिच्यातील अटींचे प्रकार मात्र अशा पत्रकांत नेहमी आढळणारे आहेत.

फोनची किंमत ३०,००० रुपये, योजनेचे शुल्क १,८०० रुपये, मुदत बारा महिने, दावे दोन. एक्सेस नुकसानीच्या १० टक्के किंवा १,००० रुपये, ह्यांपैकी जी रक्कम अधिक ती. घसारा पहिल्या सहा महिन्यांत २० टक्के, पुढील सहा महिन्यांत ४० टक्के. आणि मुदतीतील सर्व दाव्यांची मिळून देय रक्कम घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून अधिक असणार नाही. दुरुस्तीचा खर्च त्या उरलेल्या किमतीहून जास्त झाल्यास फोन दुरुस्तीपलीकडचा मानला जाईल, उरलेली किंमत हेच नुकसान धरले जाईल आणि फोन कंपनीकडे जमा करावा लागेल.

पाचव्या महिन्यात पडदा फुटला आणि दुरुस्तीस ९,००० रुपये लागले. दहा टक्के म्हणजे ९०० रुपये. ते हजारांहून कमी असल्यामुळे एक्सेस १,००० रुपये झाला आणि योजनेने ८,००० रुपये दिले. येथपर्यंत ग्राहक समाधानी असतो, आणि तसे असण्यास कारणही आहे. कारण भरलेल्या शुल्काच्या चौपटीहून अधिक रक्कम त्याला मिळालेली असते.

नवव्या महिन्यात तोच फोन पाण्यात पडला. दुरुस्तीचा अंदाज २१,००० रुपये निघाला. घसारा आता ४० टक्के असल्यामुळे फोनची किंमत १८,००० रुपये धरली गेली; दुरुस्तीचा खर्च तिच्याहून अधिक असल्याने फोन दुरुस्तीपलीकडचा ठरला आणि नुकसान १८,००० रुपये मानले गेले. त्याचे दहा टक्के, म्हणजे १,८०० रुपये, हा एक्सेस. आधी ८,००० रुपये दिलेले असल्याने एकूण मर्यादेतील शिल्लक १०,००० रुपये.

आता वजाबाकी कोणत्या क्रमाने करावयाची? नुकसानीतून प्रथम एक्सेस वजा केला तर १६,२०० रुपये उरतात; मग मर्यादा लावल्यास ग्राहकास १०,००० रुपये मिळतात. उलट प्रथम मर्यादा लावून नंतर एक्सेस वजा केला तर १०,००० मधून १,८०० जाऊन ८,२०० रुपये हाती येतात. दोन्ही हिशोबांत अंक तेच, अटीही त्याच. फरक केवळ क्रमाचा. ‘देय रक्कम मर्यादेपर्यंत, एक्सेस वजा जाता’ अशा वाक्यात ‘वजा जाता’ हे कृदंत ‘रक्कम’ ह्याच्याशी जोडावयाचे की ‘मर्यादा’ ह्याच्याशी, हा अन्वयाचा प्रश्न १,८०० रुपयांचा, म्हणजे बरोबर वर्षाच्या शुल्काइतका होतो. पत्रकात ह्या दोन क्रियांचा क्रम सांगणारे ‘प्रथम’, ‘नंतर’ असे शब्द आहेत की नाहीत, हे पाहण्याजोगे असते.

ह्या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. समजा, दुसऱ्याच महिन्यात फोनच्या मागील आवरणास तडा गेला असता आणि त्याची दुरुस्ती १,४०० रुपयांत होत असती. एक्सेस १,००० रुपये वजा जाता लाभ ४०० रुपयांचा. पण दोनपैकी एक दावा तेथेच संपला असता, पाचव्या महिन्यातील पडद्याने दुसरा संपविला असता आणि नवव्या महिन्यातील मोठ्या हानीच्या वेळी ग्राहकाच्या हाती काहीच उरले नसते. म्हणजे संख्येची मर्यादा असलेल्या योजनेत प्रत्येक दाव्याला एक न दिसणारी किंमत असते, आणि ती मुदतीच्या आरंभी सर्वांत अधिक असते. एक्सेसहून थोड्याच अधिक खर्चाची दुरुस्ती पदरमोड करून घेणे अशा योजनेत पुष्कळदा हिताचे ठरते. मुदत संपत आली असता मात्र हा विचार उलटा होतो, कारण न वापरलेला दावा पुढील वर्षात सहसा जमा होत नाही.

५. वगळलेल्या गोष्टी : ‘अपघात’ आणि ‘चोरी’

पत्रकाचा सर्वांत लांब भाग वगळलेल्या गोष्टींचा असतो. ओरखडे व केवळ दर्शनी हानी, नित्याची झीज, बॅटरीची क्षमता कमी होणे, अनधिकृत दुरुस्ती, ओळखक्रमांक न जुळणे, सोबतचे चार्जर वा श्रवणसाधने, ह्या बाबी बहुतेक सर्वत्र वगळलेल्या असतात आणि त्यांबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो वगळणूक व्याख्येतच दडलेली असते तेव्हा. ह्याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले ‘अपघात’ ह्या शब्दाचे. पत्रकात तो ‘अचानक, अनपेक्षित आणि बाह्य कारणाने झालेली हानी’ अशा अर्थी येतो. मराठीत मात्र ‘अपघात’ हा शब्द आपण मुख्यतः वाहनांच्या, यंत्रांच्या वा मनुष्यहानीच्या संदर्भात योजतो. फोन फुटला तर कोणी ‘फोनला अपघात झाला’ असे म्हणत नाही. आपण ‘फोन पडला’, ‘भिजला’, ‘बंद पडला’ असे म्हणतो. ही सारी अकर्मक रूपे होत, आणि त्यांतील शेवटच्या रूपात कारणाचा निर्देश मुळीच नसतो. दाव्याच्या अर्जावर ‘काल रात्री फोन बंद पडला’ असे लिहिले की छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने तो अंतर्गत बिघाड ठरतो आणि अपघात-योजनेच्या बाहेर जातो. मग तो पाणी शिरल्यामुळे बंद पडला असला तरी. दोष आणि अपघात हा दुसऱ्या विभागात सांगितलेला भेद येथे एका क्रियापदावर येऊन ठेपतो.

याउलट एक सोयही मराठीत आहे. ‘मी फोन पाडला’ आणि ‘माझ्या हातून फोन पडला’ ह्या दोन वाक्यांत कर्त्याच्या इच्छेचा भेद व्याकरणानेच व्यक्त होतो. दुसऱ्या रचनेत कृती घडली, पण ती हेतुपुरस्सर नव्हती, असे ‘हातून’ ह्या रूपाने सूचित होते. हेतुपुरस्सर केलेली हानी सर्व योजनांतून वगळलेली असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु अर्ज इंग्रजीत भरताना तो सहज लोपतो. म्हणून घटनेचे निवेदन देताना काय झाले एवढेच न सांगता कोठे, केव्हा, कशामुळे आणि त्यानंतर लगेच कोणते लक्षण दिसले, हे क्रमाने व अर्थातच खरेपणाने सांगणे आवश्यक असते. विम्याचा करार परम विश्वासावर आधारलेला असतो. निवेदनात विसंगती आढळल्यास खरा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

दुसरे उदाहरण ‘चोरी’ ह्या शब्दाचे. फौजदारी कायद्यात चोरीच्या व्याख्येस बळाची आवश्यकता नाही. पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३७८ आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ ह्यांनुसार, एखाद्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलविणे ही चोरी होय. नव्या संहितेत कलम ३०४ खाली हिसकावून नेण्याचा स्वतंत्र निर्देश आहे. तेथेही वस्तू अचानक, झटकन किंवा बळाने घेणे असे पर्याय दिलेले असून बळ हा त्यांपैकी केवळ एक आहे. काही संरक्षण-योजनांत मात्र ‘बलपूर्वक प्रवेश करून केलेली चोरी’ एवढीच मान्य असते. लोकलच्या गर्दीत खिशातून अलगद उचललेला फोन हा कायद्याने चोरीचा बळी होय. अशा योजनेच्या भाषेत मात्र तो चोरीस गेलेला नाही.

हा अर्थसंकोच जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९९ साली एका जवाहिऱ्याच्या दुकानातील चोरीबद्दलचा असाच एक खटला झाला. विमापत्रात बलपूर्वक व हिंसक प्रवेशाची अट होती. दार लावलेले होते, पण त्यास कुलूप नव्हते. चोराने मूठ फिरवून ते उघडले आणि आतील कुलूपबंद कपाट फोडून माल नेला. प्रवेश बलपूर्वक झाला नाही, फोडाफोड झाली ती प्रवेशानंतर, ह्या कारणास्तव अपील न्यायालयाने जवाहिऱ्याविरुद्ध निर्णय दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी विरुद्ध हरचंद राय चंदन लाल ह्या प्रकरणात हाच मुद्दा आला. विमापत्रातील व्याख्या बलपूर्वक व हिंसक प्रवेशानंतरच्या चोरीची होती. बळाचा पुरावा नव्हता. फौजदारी कायद्यातील व्याख्या येथे उसनी घेता येणार नाही, पक्षांनी मान्य केलेली व्याख्याच बंधनकारक, असे सांगून न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. परंतु त्याच निर्णयात न्यायालयाने असेही सुचविले की ही व्याख्या सामान्य माणसास समजण्यास कठीण आहे, आणि कंपन्यांनी आपल्या विमापत्रांत तदनुसार सुधारणा करावी. शब्दार्थाचा निर्णय एका बाजूस आणि शब्द निवडणाऱ्यास दिलेला सल्ला दुसऱ्या बाजूस, असे ह्या निर्णयाचे दुहेरी स्वरूप आहे.

‘फोन गेला’ ह्या वाक्याचा परिणाम येथे ध्यानात येईल. ग्राहक पोलीस ठाण्यात जाऊन ‘फोन गेला’ असे सांगतो. तेथे पुष्कळदा वस्तू हरवल्याची नोंद केली जाते, कारण ऐकणाऱ्याने त्या वाक्याचा तोच अर्थ घेतलेला असतो. योजनेस प्रथम खबरेची प्रत हवी असते, आणि हरवणे हे वगळलेल्या गोष्टींत असते. एकदा ‘हरवला’ असे कागदावर आले की पुढे ‘चोरीस गेला’ असे सांगणे ही विसंगती मानली जाते. जे प्रत्यक्ष घडले त्यासाठी नेमके क्रियापद पहिल्याच कागदावर येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

६. प्रतीक्षाकाल आणि ‘पासून’

योजना घेतल्यानंतर काही दिवस तिचे संरक्षण लागू नसते. ह्या काळास प्रतीक्षाकाल म्हणतात. ह्याचे कारण सरळ आहे. पडदा आधीच फुटलेला असताना कोणी योजना घेऊन दुसऱ्या दिवशी दावा करील, तर शुल्काचे गणितच कोसळेल. विक्रेत्यास ठाऊक असलेले वस्तूचे दोष ग्राहकास ठाऊक नसल्यास बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. येथे भूमिका उलटतात. वस्तूची खरी स्थिती ग्राहकास ठाऊक असते आणि योजना देणाऱ्यास नसते. म्हणून काही योजना फोन खरेदी केल्यावर ठरावीक दिवसांतच घ्याव्या लागतात, काहींत फोनची तपासणी वा छायाचित्रे मागितली जातात, आणि जेथे ह्यांपैकी काही शक्य नसते तेथे प्रतीक्षाकाल ठेवला जातो. नव्या फोनसोबत त्याच बिलावर घेतलेल्या योजनेत तो पुष्कळदा नसतो. मागाहून घेतलेल्या योजनेत असतो.

ह्या काळाची गणना ‘खरेदीच्या दिनांकापासून पंधरा दिवस’ अशी दिलेली असते, आणि तेथे ‘पासून’ ह्या शब्दयोगी अव्ययाचा प्रश्न उभा राहतो. ‘सोमवारपासून शाळा सुरू’ असे म्हटले तर सोमवारी शाळा असते. मराठीत ‘पासून’ हे आरंभबिंदूस पोटात घेते. इंग्रजीतील समानार्थी ‘फ्रॉम’ ह्या शब्दाबाबत कायद्याचा संकेत वेगळा आहे. १८९७ च्या सर्वसाधारण कलमे अधिनियमाच्या कलम ९ अनुसार, केंद्रीय अधिनियमांत दिवसांच्या मालिकेतील पहिला दिवस वगळावयाचा असल्यास हा शब्द वापरणे पुरेसे होते. हे कलम अधिनियमांसाठी आहे, खासगी करारांसाठी नव्हे. परंतु मसुदा लिहिणारे कायदेपंडित त्याच संकेतात वाढलेले असतात.

समजा, योजना १ जून रोजी घेतली. मराठी वाचनाप्रमाणे १ जून हा पहिला दिवस. पंधरावा दिवस १५ जून आणि संरक्षण १६ जूनला सुरू. विधिसंकेताप्रमाणे १ जून वगळावयाचा. पंधरावा दिवस १६ जून आणि संरक्षण १७ जूनला सुरू. १६ जून रोजी पडलेला फोन एका वाचनाने संरक्षित आणि दुसऱ्याने असंरक्षित ठरतो. त्यातही गणनेचा आरंभ पैसे भरल्याच्या दिवसापासून, योजना नोंदविल्याच्या दिवसापासून की तपासणी मान्य झाल्याच्या दिवसापासून, हे निराळेच. ज्या पत्रकात संरक्षण सुरू होण्याचा दिनांक आकड्यांत छापलेला असतो तेथे हे सारे प्रश्न उद्भवत नाहीत. म्हणून योजना देणाऱ्याकडून तो दिनांक लेखी मागून घेणे हा ह्यावरील सर्वांत सोपा उपाय होय.

७. उपसंहार

संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असे एक तत्त्व कायद्यात आहे, आणि ग्राहकास त्याचा आधार वाटतो. परंतु हे तत्त्व शब्द खरोखरच संदिग्ध असेल तेव्हाच उपयोगी पडते. पत्रकात व्याख्या दिलेली असली की संदिग्धता संपते, मग ती व्याख्या लोकव्यवहाराशी कितीही विसंगत असो. न्यायालयाने पक्षांसाठी नवा करार लिहावयाचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मधील जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदुमल जैन ह्या प्रकरणातच स्पष्ट केले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित कराराची संकल्पना आली असून अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे तक्रार करता येते. परंतु तेथेही वाद प्रथम अटीच्या मजकुरावरच होणार.

तेव्हा ह्या पत्रकांच्या वाचनाची दिशा नेहमीच्या वाचनाहून उलटी असावी लागते. आरंभीच्या आश्वासनापासून शेवटच्या बारीक अक्षरांकडे न जाता, प्रथम व्याख्यांचे कलम वाचावे. ‘घटना’, ‘अपघात’ व ‘चोरी’ ह्यांचे तेथील अर्थ आपल्या बोलीतील अर्थांशी ताडून पाहावेत. मग एक्सेस, घसारा आणि एकूण मर्यादा ह्यांचा क्रम एखाद्या कल्पित हानीवर चालवून पाहावा, आणि शेवटी संरक्षणाचा आरंभदिनांक निश्चित करावा. एवढे केल्यावर जी रक्कम उरते, तीच त्या योजनेने खरोखर देऊ केलेली असते. ह्या पत्रकांची जी मराठी भाषांतरे आता प्रचारात येत आहेत, त्यांतही ‘चोरी’ आणि ‘पासून’ हेच शब्द कोणत्याही टिपेवाचून योजलेले दिसतात. मूळ व्याख्येतील संकोच भाषांतरात न उतरता केवळ परिचित शब्द तेवढा उतरला, तर भाषांतर वाचणाऱ्याची दिशाभूल मूळ वाचणाऱ्याहून अधिक होण्याचा संभव आहे. आणि हा विषय आपल्या विभागाच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे.